पहिली शाई

(आपल्या कॉलेजच्या मतदार जागृती मोहिमेसाठी. वर्गावर्गात म्हणायची आठ ओळींची कविता आणि ती म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी चार गोष्टी)

झाली अठरा वर्षं ना? नाव यादीत बघ तू,
नसेल तर आजच अर्ज भरून निघ तू.
कुणाला द्यायचं मत, गुपित ते तुझ्यापाशी,
ना पैशाशी, ना धाकाशी, बोल आपल्या मनाशी.
कृष्णेकाठचं गाव वा माणदेशी माळरान,
दोन्हीकडच्या मताला सारखाच आहे मान.
सकाळी सात वाजता केंद्रावर हो हजर,
डाव्या तर्जनीची शाई मिरव मग गावभर.

मुलांनो, ही अष्टाक्षरी आहे. आठ अक्षरांनंतर अर्धा श्वास, पुन्हा आठ अक्षरं. जात्यावरच्या ओवीसारखी ती संथ म्हणा. घोषणा देतात तशी ओरडून म्हटली की शब्द हवेत जातात आणि मागच्या बाकावरची पोरं हसतात. पहिल्या ओळीतला प्रश्न खराखुरा विचारा, समोरच्या एखाद्याकडे बघून. त्यानं मान खाली घातली तर समजा, कविता पोचली.

कविता कुणाच्याच बाजूची नसावी, हे मोहिमेचं पहिलं ठरलं होतं. मराठीत ते किती अवघड आहे हे मला लिहायला बसल्यावर कळलं. पहिल्या खर्ड्यात मी ‘लोकशाहीची मशाल’ लिहिली होती. मग लक्षात आलं, हे तर चिन्ह. ‘हातात हात घालून’ लिहिलं, तेही खोडलं. ‘तुतारी वाजली’, ‘चिखलातलं कमळ’, ‘घड्याळात सात वाजले’... आपल्या कवितेत पिढ्यान्‌पिढ्या वावरणारे शब्द, आणि एकेक करून सगळे मतपत्रिकेवर जाऊन बसलेले. अपक्षांसाठीच्या मोकळ्या चिन्हांत तर बॅट, शिलाई मशीन, गॅस सिलिंडर असं घरातलं बरंच काही सापडतं. म्हणून या आठ ओळींत वस्तू जवळजवळ नाहीतच. बोट आहे, शाई आहे, यादी आहे. तुम्ही पोस्टर रंगवाल तेव्हाही हे ध्यानात असू द्या. रंग निवडतानासुद्धा.

पहिल्या दोन ओळी मी सगळ्यांत आधी लिहिल्या, कारण त्या माझ्यावर बेतलेल्या आहेत. अठरा पूर्ण झाली की नाव आपोआप यादीत येतं, असं मला वाटायचं. मतदानाच्या दिवशी नवा शर्ट घालून शाळेत गेलो, दीड तास रांगेत उभा राहिलो. पहिल्या टेबलावरच्या बाईंनी पट्टी धरून यादी वरून खाली पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली आणि म्हणाल्या, ‘बाळा, तुझं नाव नाही रे यात.’ माझ्या मागं आमच्या गल्लीतले एक म्हातारे काठी टेकत उभे होते. त्यांचं नाव होतं. ते मतदान करून बाहेर आले आणि मी बाजूला सरकून फाटकाशी उभा होतो. चूक माझीच होती, अर्ज मी भरलाच नव्हता. पण कोरं बोट घेऊन घरी जाताना जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये एवढ्यासाठी ही सगळी धडपड.

तेव्हा नियम आणखी अवघड होता. १ जानेवारीला अठरा पूर्ण असली तरच त्या वर्षी नाव लागायचं. आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गांवरही ही कविता म्हणायची आहे. नव्या नावासाठी नमुना ६. नाव आहे पण पत्ता बदलला किंवा काही चुकलं असेल तर नमुना ८. दोन्ही voters.eci.gov.in वर मोबाइलवरून भरता येतात, नाहीतर गावातली मतदार यादी सांभाळणाऱ्या बीएलओंना भेटा. अडलं तर १९५० ला फोन करा.

हॉस्टेलवरची मुलं नेहमी एक विचारतात, नाव गावाकडं ठेवू की साताऱ्यात? कुठंही ठेवा, पण एकाच जागी. दोन्हीकडं नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. गावाकडं ठेवलंत तर मतदानाच्या आदल्या दिवशीची एसटी आत्ताच मनात धरून ठेवा.

तिसऱ्या ओळीतलं ‘गुपित’ समजावून सांगा, कारण भीती तिथंच असते. घरात, भावकीत, तालमीत कुणी ना कुणी म्हणतंच, ‘तू कुणाला टाकलंस ते आम्हाला कळतं.’ कळत नाही. यादीत खूण होते, ती तुम्ही आलात याची. मग बोटाला शाई, वहीत सही आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागं तुम्ही एकटे. बटण दाबलं की दिवा लागतो. शेजारच्या यंत्रात काचेमागं एक चिठ्ठी सात सेकंद दिसते, त्यावर तुम्ही निवडलेलंच नाव आणि चिन्ह आहे का ते बघा. मग ती आत पडते. त्या चिठ्ठीवर तुमचं नाव कुठंच नसतं. आणि उमेदवारांपैकी कुणीच पटत नसेल तर शेवटचं बटण ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याचं आहे, २०१३ पासून. तेही दाबायला जावंच लागतं.

पाचवी ओळ माझी एकट्याची नाही. आधी तिथं नुसतं कृष्णाकाठचं कौतुक होतं. तालमीच्या वेळी दहिवडीकडची एक मुलगी म्हणाली, ‘सर, आमच्याकडं कुठली कृष्णा? आम्ही माणातली. टँकरची वाट बघणारी.’ बरोबर बोलली. ओळ बदलली आणि कविता सुधारली. त्या माळरानाला या बाबतीत इतिहासही आहे. औंध संस्थानात १९३९ मध्येच राजानं आपली सत्ता लोकांकडं सोपवणारी घटना दिली आणि गावांनी आपले पंच निवडायला सुरुवात केली. आटपाडीही तेव्हा औंधातच होती. सबंध देशाला मतदान मिळायला १९५१-५२ उजाडावं लागलं आणि अठराव्या वर्षी मत मिळायला १९८९. त्याआधी एकविसाची अट होती. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनी पहिलं मत कितव्या वर्षी दिलं.

‘एका मतानं काय होतंय’ असं वर्गात कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नका. त्याला त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीबद्दल विचारा. दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी काढून निकाल लावतात. घरी बसलेल्या एकानं मत दिलं असतं तर ती चिठ्ठी काढायची वेळ आली नसती, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

सोमवारपासून ग्रंथालयाच्या व्हरांड्यात दोन टेबलं मांडतोय, सकाळी दहा ते एक. एका टेबलावर यादीत नाव शोधायचं, दुसऱ्यावर अर्ज भरायचा. येताना फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा आणा. कविता म्हणणाऱ्यांनी पावणेदहाला यायचं. आणि हो, म्हणणाऱ्या बाराजणांपैकी तिघांचीच नावं अजून यादीत आहेत. उरलेल्या नऊजणांनी पहिल्या दिवशी पहिले अर्ज भरायचे, मगच वर्गावर जायचं.