विभाग ४ : गणेशोत्सव २०२५

२८ फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत या उत्सवाच्या चौदा स्लाइड दाखवल्या. त्या इंग्रजीत होत्या, वेळ वीस मिनिटांचा होता आणि सभेला निम्मेही सभासद नव्हते. 'त्या आकड्यांचा अर्थ मराठीत लिहून द्या,' अशी मागणी सभेतच झाली, म्हणून हा विभाग. लिहायला बसल्यावर दोन स्लाइड दुरुस्त कराव्या लागल्या. त्या कुठल्या, ते पुढे ओघात येईल.

दिवस आणि उपस्थिती

चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. आपण उत्सव शनिवारी, ३० ऑगस्टला केला. बायर्नमधल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते आणि बरीच कुटुंबं भारतात असतात, त्यामुळे गर्दी कमी राहील असा आमचा अंदाज होता. तो साफ चुकला. आगाऊ नोंदणी २६० जणांची झाली (१८७ मोठे, ७३ मुलं). दारावर आणखी ३१ जण आले. स्लाइडवरचा २९१ हा आकडा तिथून आला आणि तो बरोबर आहे.

पण जेवणारे २९१ नव्हते. बावीस स्वयंसेवकांना आपण तिकीट लावत नाही, त्यामुळे ते नोंदणीच्या यादीत येतच नाहीत. जेवण सांगितलं होतं २७० पानांचं. पानं लागली ३१३. पावणेदोन वाजता मसालेभाताचं भांडं खरवडायची वेळ आली, तेव्हा पंक्तीत चाळीसेक माणसं उभी होती आणि पुऱ्या तेवढ्या भरपूर होत्या. तिघं सभासद गाडी काढून तांदूळ आणि तूरडाळ घेऊन आले, हॉलच्या स्वयंपाकघरात दोन मोठ्या पातेल्यांत वरण-भात चढवला आणि तीनच्या सुमारास शेवटची पंगत उठली. शनिवार होता म्हणून दुकानं उघडी सापडली. स्लाइडवर या साऱ्या प्रकाराला 'किरकोळ विलंब' म्हटलं होतं. सव्वा तास ताटकळलेल्यांना तो किरकोळ वाटला नसणार. ज्यांना श्रीखंड-पुरीवर भागवावं लागलं, त्यांची कार्यकारिणी क्षमा मागते.

यापुढे जेवणाची मागणी आगाऊ नोंदणी, स्वयंसेवक आणि दारावरचे म्हणून पंधरा टक्के अशी बेरीज करूनच दिली जाईल.

पूजा, आरती आणि विसर्जन

मूर्ती शाडूची होती, दीड फुटाची. हॉलमध्ये धूरसूचक यंत्र आहे आणि ते चुकून वाजलं तरी अग्निशमन दलाचा खर्च भाडेकरूवर येतो, म्हणून आत निरांजन आणि कापूर दोन्ही वर्ज्य होते. आत विजेच्या दिव्यांवर आरती झाली. नंतर अंगणात कापूर लावून 'घालीन लोटांगण' पुन्हा म्हटलं. ही दुसरी आरती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती, पण आतल्यापेक्षा तिलाच आवाज जास्त लागला.

ढोल-ताशांना रस्त्यावर वीस मिनिटांची लेखी परवानगी होती. पथकानं ती अठरा मिनिटांत आटोपली, शेजाऱ्यांकडून तक्रार नाही. नदीत विसर्जन करता येत नाही, त्यामुळे मागच्या वर्षीप्रमाणेच पिंपात केलं. विरघळलेली माती ज्यांनी मागितली त्यांना कुंड्यांसाठी दिली.

मराठी शाळेच्या चौदा मुलांनी अथर्वशीर्ष म्हटलं. त्यातली दोघं देवनागरी वाचून म्हणत होती, बाकीच्यांच्या हातात रोमन लिपीतले कागद होते. स्लाइडवर फोटो आहे, पण कागद कुठल्या लिपीतला ते फोटोत दिसत नाही. शाळेच्या विभागात (विभाग ६) याबद्दल आणखी लिहिलं आहे.

जमा-खर्च

दुसरी दुरुस्ती इथे आहे. सभेत या उत्सवाची शिल्लक ९५८ युरो दाखवली होती. खरी शिल्लक ४५८ युरो आहे.

| जमा | युरो |
|---|---|
| तिकिटं (आगाऊ आणि दारावरची) | ४,३७४ |
| देणग्या | १,१५० |
| सहा स्टॉलचं भाडं | २४० |
| एकूण | ५,७६४ |

| खर्च | युरो |
|---|---|
| हॉल | १,४८० |
| जेवण (ऐनवेळचं धरून) | २,६३५ |
| ध्वनी आणि प्रकाश | ४२० |
| सजावट, पूजासाहित्य, परवाने | ३८६ |
| स्वच्छता | १८० |
| विमा | १४५ |
| अनामतीतून कपात | ६० |
| एकूण | ५,३०६ |

फरक पडला तो असा. हॉलची ५०० युरो अनामत आपण डिसेंबर २०२४ मध्ये भरली, म्हणजे ती आदल्या वर्षाच्या हिशेबात गेली. उत्सवानंतर त्यातले ४४० युरो परत आले आणि ते या वर्षाच्या जमेत धरले गेले. आपलेच पैसे आपल्याकडे परत आले, त्याला उत्पन्न म्हणता येत नाही. शिवाय कापले गेलेले ६० युरो खर्चात दाखवलेच नव्हते. सभेनंतर दोन दिवसांनी खजिनदारांच्या स्वतःच्याच हे लक्षात आलं. दुरुस्त हिशेबावर दोन्ही तपासनिसांच्या सह्या झाल्या आहेत. यापुढे अनामत 'येणे' म्हणून वेगळी दाखवली जाईल.

साठ युरो कापले गेले ते व्यासपीठासमोरच्या लाकडी जमिनीवरच्या कुंकवाच्या डागापायी. डाग तळहाताएवढा होता. तो ओल्या फडक्यानं पुसायला गेलो आणि दुप्पट पसरला. पुढच्या वेळी चौरंगाखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा आहे.

देणगीदारांसाठी एक सूचना. ३०० युरोपर्यंतच्या देणगीला करविवरणात बँकेचा उतारा पुरतो. त्याहून मोठ्या रकमेची पावती हवी असल्यास खजिनदारांना कळवावं.

अभिप्राय

'८८ टक्के सभासद समाधानी' असं स्लाइडवर गोल आलेखात दाखवलं होतं. हा आकडा ४१ जणांच्या उत्तरांवरून काढला आहे. त्यातल्या ३६ जणांनी 'उत्तम' म्हटलं. बाकी अडीचशे जणांना काय वाटलं ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ती टक्केवारी इथे वापरलेली नाही. उरलेल्या पाच जणांनी मात्र कामाचं लिहिलं: जेवणाची रांग, लांबलेला नाच, निम्मं इंग्रजीत झालेलं निवेदन, बसायला कमी पडलेल्या खुर्च्या आणि जर्मन जोडीदारांना पूजेत काय चाललंय हे सांगणारं कोणी नसणं. शेवटच्या मुद्द्यासाठी एक पानी जर्मन माहितीपत्रक करायला दोन सभासद तयार झाले आहेत. निवेदन पूर्ण मराठीत असावं यावर कार्यकारिणीचं एकमत झालं, नाच किती मिनिटांचे असावेत यावर झालं नाही.

पुढचं वर्ष

२०२६ मध्ये चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे आणि शाळांच्या सुट्टीचा तोच शेवटचा दिवस. आदल्या शनिवार-रविवारी निम्मी कुटुंबं विमानात किंवा सामान उघडण्यात असणार. पुढच्या शनिवारी, १९ तारखेला, म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो. आपण शहराबाहेर असलो तरी पाहुण्यांना त्याच गाड्यांनी यायचं असतं. म्हणून रविवार, २० सप्टेंबर ठरवला आहे. हॉल सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मिळाला असून या वेळीही अनामत ५०० युरोच आहे. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दहा किलो तांदूळ आणि चार किलो तूरडाळ आदल्या दिवशीच हॉलच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची आहे. हे काम कोण करणार, तेवढं अजून ठरायचं आहे.