दंडघेर

फोनमध्ये जागाच उरली नव्हती. गंगापुरीच्या वहिनींनी पैठणीवरच्या ब्लाउजच्या मागच्या गळ्याचा व्हिडिओ पाठवला होता, तो उघडेचना. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता, लग्नसराई तोंडावर होती. रात्रीची भांडी आवरल्यावर शोभा अंथरुणावर फोन घेऊन बसली. आधी फोनने दाखवलेल्या 'मोठ्या फाइली' सगळ्या निवडून काढून टाकल्या. मग व्हॉट्सॲप उघडलं. रोजच्या शुभ सकाळचे फोटो येणारे तीन-चार ग्रुप आणि गेल्या वर्षीच्या सहलीचा एक. बोट दाबून धरायचं, बरोबरची खूण आली की पुढच्यावर जायचं. भजनी मंडळाच्या ग्रुपला ढोल्या गणपतीचा फोटो होता, त्यावरही तिने खूण केली. 'मीडियाही काढून टाकायचा का' असं विचारलं, तेही हो केलं. फोन हलका झाला. वहिनींचा व्हिडिओ लगेच उघडला. गळा सोपा होता, नुसती पायपिंग आणि दोन लटकनं.

सकाळी साडेनऊला दुकान उघडून तिने कापायला पहिली पिशवी घेतली आणि माप बघायला फोन उचलला. भजनी मंडळ जागच्या जागी होतं. सकाळचा अभंगही आलेला होता. 'मापं' मात्र नव्हतं.

'मापं' म्हणजे शोभाचा स्वतःचाच नंबर. तीन वर्षांपूर्वी प्राजक्ताने तो त्या नावाने सेव्ह करून दिला होता. गिऱ्हाईक आलं की साडीच्या ब्लाउजपीसचा फोटो काढायचा, स्वतःलाच पाठवायचा, खाली माप, गळा, बाही, अस्तर हवं की नको, तारीख, ॲडव्हान्स. हात गुंतलेले असले तर बोलून पाठवायचं. स्वतःच्या फोटोच्या जागी तिने ढोल्या गणपतीच लावलेला होता.

"प्राजू, लवकर खाली ये."

प्राजक्ता वेणी घालता घालता आली. तिने शोधून पाहिलं, आधी वरवर, मग नीट बसून.

"आई, ड्राइव्हवर बॅकअप लावलेलाच नाहीये गं."

"म्हणजे गेलं?"

"थांब. फोनमध्येही एक असतो. रोज रात्री दोनला आपोआप होतो, सात दिवसांचे राहतात." तिने फाइलींमधून आत, अजून आत जाऊन तो फोल्डर काढला. आत एकच फाइल होती, वेळ आज पहाटे दोनची. "काल तू मोठ्या फाइली उडवल्यास ना, त्यात जुने सगळे गेले. आणि हा झालाय चॅट गेल्यानंतर."

"गिऱ्हाइकांकडे असेल की."

"त्यांच्याशी तुझं जे बोलणं झालं ते आहे. पण हे तू स्वतःलाच पाठवलेलं. दुसऱ्या कुणाकडे कसं असेल?"

प्राजक्ताला कॉलेजची बस होती. ती गेली आणि शोभा कटिंगच्या टेबलाशी उभी राहिली. मागच्या फळीवर पिशव्यांची रांग होती. चॅट सुरू झाल्यापासून तिने पिशवीला चिठ्ठी टाचणं सोडलं होतं. फोटोवरून पीस ओळखायचा, पिसावरून माणूस. आता पिशवीत नुसतं कापड होतं.

सासूबाईंची वही आठवून तिने माळ्यावरचा डबा उतरवला. लाल कापडी बांधणीची वही, पण शेवटचं पान सात वर्षांपूर्वीचं. त्यातल्या निम्म्या बायका आता त्या मापात नव्हत्या आणि चौघी-पाचजणी या जगात नव्हत्या.

तिने पिशव्या एकेक करून टेबलावर ओतल्या. लोक समजतात शिंप्याला आकडे पाठ असतात. आकडे नाही राहत, अंग राहतं. हिरवा खण हातात घेताच तिला सिद्धनाथवाडीची सुवर्णा आठवली. उजवा खांदा उतरता, तिथे पाऊण इंच कमी धरावं लागतं, नाहीतर गळा एका बाजूला ओढतो. मोरपंखी पीस तलाठी मॅडमचा. त्यांना पाठीवर घडी पडलेली खपत नाही, टक्स लांब घ्यायचे. जांभळा टसर कुणाचा ते कळलं, त्या मुलीला कटोरी नको, प्रिन्सेस कट हवा हेही आठवलं. पण छाती 34 की 35, उंची साडेतेरा की चौदा? तिथे सगळं पुसलेलं. आणि शिवणात पाव इंच इकडचा तिकडे झाला की हात वर करताच मुंढा काचतो.

दुपारपर्यंत तिने फोन लावले. कारण सगळ्यांना एकच सांगितलं, जे घडलं होतं तेच.

"आहो, मापाचा ब्लाउज पाठवते मुलाबरोबर, त्यात काय," असं बऱ्याच जणी म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत दाराशी जुन्या ब्लाउजांचा ढीग जमला. मापाच्या ब्लाउजवरून काम होतं, पण तो ब्लाउज कुणी दुसऱ्याने शिवलेला असेल तर त्याच्या चुकाही त्याच्याबरोबर येतात, म्हणून तिने प्रत्येकीला ट्रायलला बोलावलं आणि आतला दाब दीड इंच धरायचं ठरवलं. दोघींना पिको-फॉल मोफत करून देते म्हणाली. हळदीसाठी पाच ब्लाउज टाकलेल्या घरची मोठी सून मात्र थेट दुकानात आली.

"रविवारी हळद आहे ताई. माप तुमच्याकडं नाही, म्हणजे अजून कापलंच नाही ना?"

"तुमचं माप आत्ता घेते. बाकी चौघींची रात्री घरी येऊन घेते. शनिवारी पाचही देईन."

"नको. आम्ही दुसरीकडं बघतो."

शोभाने पाचही पीस घडी करून दिले, ॲडव्हान्सचे पाचशे परत केले. ती गेल्यावर टेबलावरचा खडू आणि टेप उगाचच नीट लावून ठेवली. पाच ब्लाउज, अस्तरासकट. त्या घरचं काम सासूबाईंच्या वेळेपासून होतं.

शेवटची पिशवी तिने दिवसभर बाजूला ठेवली होती. नारायणपेठचा पीस, गर्द वांगी रंगाचा, बारीक जरीकाठ. पाटणकर बाईंचा.

बाईंना फोन लावता येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी पुण्याला त्यांचं ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. त्यानंतर वर्षभर बाई गाऊनवर आणि सैल कुर्त्यावर राहिल्या. मग एका दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून आल्या, पडदा स्वतः ओढला आणि म्हणाल्या, "एकदाच घे माप. पुन्हा पुन्हा द्यायला लावू नकोस." शोभा चौथीत असताना याच बाई फळ्यावर पाढे लिहायच्या. त्या दिवशी टेप धरताना शोभाचा हात थरथरला, बाई मात्र भिंतीकडे बघत सरळ उभ्या राहिल्या होत्या.

तिने त्यांच्यासाठी मन लावून शिवलं होतं. डावीकडे आतून मऊ मलमलचा कप्पा, खालून उघडा, म्हणजे आतली गादी काढून धुता यावी. गळा नेहमीपेक्षा वर. हुक पुढे, कारण डावा हात मागे जात नाही. आणि दोन्ही बाह्या वेगवेगळ्या. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सूज राहते. उजवा दंडघेर साडेअकरा, डावा त्याहून जास्त. किती जास्त, ते त्या चॅटमध्ये होतं.

रात्री तिने जुन्या वॉइलच्या तुकड्यावर अंदाजाने बाही आखली. साडेबारा? खडूची रेघ पुसून पुन्हा ओढली. बाई 'एकदाच' म्हणाल्या होत्या आणि आपण हो म्हणालो होतो. पण घट्ट झाली बाही तर सुजलेल्या दंडावर ती रुतणार, आणि बाई चारचौघांत नातवाच्या मुंजीत तो हात पदराखाली धरून बसणार. तिने वॉइल गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या आळीत बाईंच्या घरी गेली तेव्हा त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"तयार झाला?"

"नाही बाई. माप हरवलं माझ्याकडून." तिने सगळं सांगितलं. गणपतीचा फोटो, खूण, पहाटेचा बॅकअप. "मी शब्द दिला होता तुम्हाला. पण अंदाजाने कापायला हात होईना."

बाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. "माप फोनमध्ये होतं?"

"हो."

"कसं लिहिलं होतंस?"

शोभाला प्रश्न कळला नाही. "म्हणजे... पाटणकर बाई, आणि खाली आकडे. डावीकडे कप्पा, डावा दंड वेगळा, असं."

"माझं नाव घालून." बाईंनी मेथीची जुडी परातीत ठेवली. "तुझा फोन कोण कोण घेतं गं? प्राजक्ता घेते. गिऱ्हाइकांना तू त्यातच डिझाइनं दाखवतेस. परवा मलाच दाखवत होतीस. बोट वर सरकलं असतं तर कुणी वाचलं असतं ते."

शोभाकडे उत्तर नव्हतं. तिच्या डोक्यात ते एक माप होतं, इतर सगळ्यांसारखं.

"पुण्याच्या डॉक्टरांची फाइलसुद्धा मी कपाटात कुलूप लावून ठेवते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चौथीच्या वर्गात तो असाच यायचा. "गेलं ते बरं झालं. दुसऱ्यांचं तू काय करायचं ते कर. माझं नाही ठेवायचं त्यात."

"नाही ठेवणार. चुकलं माझं, बाई."

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग उठल्या, हात धुतले, आतल्या खोलीची खिडकी लावून घेतली. "टेप आणलीस?"

पिशवीत होती.

या वेळी बाई भिंतीकडे तोंड करून नाही उभ्या राहिल्या. टेबलावर एक पाठकोरा कागद घेतला, हातात पेन धरलं. "तू आकडे सांग, मी लिहिते."

"छाती छत्तीस. कंबर तेहतीस." पेन चालत होतं. "उंची साडेचौदा. उजवा दंडघेर साडेअकरा." डाव्या दंडाभोवती तिने टेप सैल टाकली, मग हलकेच जुळवली. पुन्हा एकदा जुळवून पाहिली. "सव्वातेरा."

"मागे किती होता?"

"साडेबारा असावा. नक्की नाही सांगता येत, पण तेरा नव्हता."

"चढलीय सूज." बाईंनी आकडा लिहून खाली रेघ ओढली. "पट्टी बांधायचा कंटाळा केला मी दिवाळीत. तुझा जुना आकडा असता तर तू त्यावरच कापलं असतंस."

"हो."

"मग घट्टच झाला असता." त्यांनी दंडावर बोट दाबून पाहिलं. दाबाचा खळगा क्षणभर तसाच राहिला. "पुण्याला फोन करायला हवा आज."

शोभाने टेप गुंडाळली. "बाहीला आत एक इंच सोडते आणि शिवण कच्ची ठेवते. उतरली सूज तर घेता येईल, चढली तर उसवता येईल. काठ मात्र मग बाहीला नको लावूया, उसवताना जर निघते. पाठीला लावू."

"पाठीला चालेल."

"कागद?"

बाईंनी कागदाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. "हा माझ्याकडे. तू कापायला बसशील तेव्हा मी घेऊन येते. कधी बसतेस?"

"मंगळवारी दुपारी. दोन ते चार दुकान बंदच असतं."

"मग दोनला येते. आणि त्या गंगापुरीच्या सुनेला सांग, तिचा मापाचा ब्लाउज मागच्या वेळी माझ्या पिशवीत आलाय. निळा. तोच असेल ना तुला हवा?"

शोभाने पदराला हात पुसले. "तोच. त्यांना कालपासून घरभर शोधायला लावलंय मी."