‘पेव’: वहीच्या फोटोंवरून उतरवलेली प्रत

काकू, दोन्ही फोटोंवरून कविता उतरवली आहे. ओळी, कडवी आणि जुने अनुस्वार मूळ वहीतलेच आहेत.

पेव

हरिपूरच्या मातींत
खोल उतरलें पेव;
नऊ महिन्यांचें सोनें
त्यांत निवांत तूं ठेव.

तोंड उघडतां आधीं
दिवा सोड दोरीवर;
ज्योत विझली तर तूं
थांब, थोडा दम धर.

आंत काळोख गरम,
वास उग्र [आणि] दाट;
माझें मनहि असेंच
बघे उजेडाची वाट.

ज्या दिवशीं तूं येशील,
आण हातीं एक दिवा;
तेवत राहिला तर
मला तुझा हात हवा.

दुसरं कडवं फोटोत पाच ओळींचं दिसतं. समासाजवळ जागा संपल्यामुळे ‘दोरीवर’मधला ‘वर’ खाली उतरलाय. ती वेगळी ओळ नव्हे: यमक ‘वर–धर’ असं आहे आणि ‘वर’ जोडला की आठ अक्षरं भरतात. अख्खी कविता अष्टाक्षरी आहे, त्यामुळे शंका आली की मोजायचं. तिसऱ्या कडव्यात वहीची घडी नेमकी एका शब्दावर आली आहे. तिथे दोनच अक्षरांची जागा उरते आणि पहिल्या अक्षराचा काना दिसतो, म्हणून ‘आणि’ धरलं. खात्री नाही म्हणून कंसात. वही खिडकीशी तिरकी धरली तर शाईचा ओरखडा दिसेल. चौथं कडवं दुसऱ्या फोटोत अगदी वरपासून सुरू होतं, पण ‘दाट–वाट’ची जोडी आधीच पुरी झालेली असल्याने मध्ये एक ओळ मोकळी सोडली.

‘नाहीं, कांहीं’ धाटणीचे अनुस्वार 1962 च्या नियमांनी गेले. इथले ‘आंत, तूं, असेंच’ मात्र काढू नका. छापणारा ‘शुद्ध’ करायला बघेल, त्याला आधीच सांगून ठेवा.

थोडक्यात अर्थ

हळद साठवायचं पेव म्हणजे अरुंद तोंडाचा खोल खड्डा. बंद पेवात प्राणवायू कमी होतो, म्हणून उतरण्याआधी दिवा सोडून बघतात. तो विझला तर आत उतरणं माणसालाही धोक्याचं. पहिल्या दोन कडव्यांतला ‘तूं’ पेवावर काम करणारा वाटतो. ‘माझें मनहि असेंच’ या ओळीपाशी तो बदलतो आणि कविता कुणा जवळच्याशी बोलू लागते: माझ्यातही बरंच काही दीर्घकाळ कोंडलंय, एकदम आत शिरू नकोस, आधी उजेड सोडून बघ. ‘नऊ महिने’ हळदीचेही आहेत आणि आईचेही. शेवटच्या ‘हवा’त मागणं आहेच, पण बंद पेवाला लागते ती हवाही तिथेच ऐकू येते.