आढी लावली, आता तू ये

शनिवार, रात्री १०.४०

मैथिली: ओंकार, झोपलास?

मैथिली: झोपला असशील तर सकाळी वाच. आज आढी लावली. बाबांनी परसातल्या कलमाचे आंबे झेल्याने उतरवले, आई आणि मी माजघरात पेंढा पसरला आणि एकेक आंबा मांडत गेलो. सगळे हिरवेगार, दगडासारखे. आई म्हणाल्या, "आठवड्याभरात होतील बघ." मी मान खाली घालून मांडत राहिले, कारण आठवड्याभरात आणखी कोण येणार आहे ते माझ्या तोंडावर दिसत होतं.

मैथिली: एक आंबा अगदी कोपऱ्यात, पेंढ्यात खोल लपवलाय. तो तुझा. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. सात दिवस.

ओंकार: जागा आहे. मलाही असंच कुणी हात न लावता पाच महिने ठेवलंय.

मैथिली: शहाण्या. झोप.

रविवार, दुपारी ३.१५

मैथिली: कपाट आवरायला काढलं. तुझी बाजू रिकामी करून पुन्हा लावणार होते, पण निळ्या चौकटीचा शर्ट हातात आला आणि काम तिथेच थांबलं. कॉलर झिजलीय, वरून दुसरं बटण नाही. ते बटण कसं तुटलं ते तुला आठवतंय का?

ओंकार: चांगलं आठवतंय. तूच ओढलंस.

मैथिली: तू निघत होतास. रिक्षा दारात उभी होती. मी ओढलं नाही, धरलं होतं.

मैथिली: नवीन बटण लावायला बसलेय. निळा दोरा संपलाय, म्हणून लाल घेतला. आता ते बटण सगळ्यांना दिसेल आणि का लाल ते फक्त आपल्याला माहीत असेल. सहा.

सोमवार, संध्याकाळी ७.०५

मैथिली: भाट्याच्या पुलावर उभी आहे. बँकेतून घरी जायचा हा रस्ता नाही, तरी आले. सूर्य पाण्यात उतरतोय आणि माझ्या शेजारी कठड्यावर एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. पुढच्या सोमवारी ही जागा भरलेली हवी. आणि हात खिशात घालून उभं राहायचं नाही. पाच.

ओंकार: मग हात कुठे ठेवू?

मैथिली: पुलावर सभ्यपणे. पूल संपल्यावर बघू.

मंगळवार, रात्री ११.५०

मैथिली: ओंकार, संध्याकाळी फोनवर मी नीट बोलले नाही. तू म्हणालास, साहेब सुट्टी दोन दिवस पुढे ढकलायला सांगतायत, आणि माझा आवाज बसला. तुझी चूक नव्हती. पण दोन दिवस म्हणजे किती असतात ते तुमच्या साहेबांना कुणीतरी सांगायला हवं. पाच महिने मी एकेक दिवस मोजून काढलेत, ढीग करून नाही.

मैथिली: जेवले नाही. आई काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या ताटलीत पन्ह्याचा पेला ठेवून गेल्या. त्यांना सगळं कळतं.

ओंकार: मिथू, ऐक. सुट्टी तीच राहिली. आत्ताच मेल आला. शुक्रवारी पहाटे निजामुद्दीनहून मंगला, बी-३, खालचा बर्थ. तिकिटाचा फोटो पाठवतोय.

मैथिली: पुन्हा पाठव. मोठा करून बघायचाय.

मैथिली: बघितला. तुझं नाव, वय, रत्नागिरी. एवढं सुंदर काही मी या वर्षात वाचलेलं नाही. आता जेवते. चार.

बुधवार, रात्री ९.३०

मैथिली: एक गंभीर विषय. तुला स्टेशनवर आणायला कोण येणार यावर घरात चर्चा झाली. बाबा म्हणाले, मी गाडी काढतो. आई म्हणाल्या, मग मीही येते. शेजारच्या काकू म्हणाल्या, जागा असेल तर मीही. म्हणजे कुवारबावपर्यंत वरात, आणि तुझ्या-माझ्या मध्ये काकू.

ओंकार: मग?

मैथिली: मी म्हटलं, बाबा, ऊन फार आहे, तुमचं बीपी. आईंना म्हटलं, तो आल्या आल्या गरम आमटी मागेल, ती तुमच्याच हातची लागते. काकूंना काही म्हणायची वेळच आली नाही, त्यांच्याकडे पाहुणे येतायत. थोडक्यात, मी एकटी येतेय. स्कूटरवर.

ओंकार: आणि माझी बॅग?

मैथिली: बॅग पायाशी पुढे. तू मागे. धरून बसायचं, रस्त्यात खड्डे आहेत.

ओंकार: रस्ता नवीन झालाय असं तूच सांगितलं होतंस.

मैथिली: धरून बसायचं. तीन.

गुरुवार, सकाळी ६.१०

मैथिली: माजघराचं दार उघडलं आणि वास आला. पहिला. दोन.

शुक्रवार, पहाटे ५.२०

ओंकार: स्टेशनवर पोचलो. गाडी लागलीय.

मैथिली: मी चारपासून जागी आहे. चढलास की सांग.

शुक्रवार, दिवसभर

मैथिली: मथुरा?

मैथिली: ग्वाल्हेर आलं का? पाणी पीत राहा, तिकडे ऊन आहे.

ओंकार: झाशी गेलं. समोरचे आजोबा विचारतायत, सारखं कोण फोन करतंय.

मैथिली: काय सांगितलंस?

ओंकार: रत्नागिरी.

मैथिली: आत्ता माजघरात अंधारात बसलेय, आढीजवळ. तुझा आंबा शोधला. हिरवा गेला, देठाजवळ पिवळा झालाय आणि गालावर जरा लाली चढलीय. दाबून नाही बघितला, नुसता नाकाशी धरला. तुझ्या मानेला कानाखाली जो वास येतो ना, तो आठवत बसले. आंब्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी बसले. एक.

ओंकार: मिथू, डब्यात लोक आहेत. असं काही लिहू नकोस.

मैथिली: मग भुसावळपर्यंत फोन बघूच नको.

ओंकार: भुसावळला उशीर आहे गं.

शनिवार

ओंकार: पनवेल सुटलं. बाहेर सगळं हिरवं-तांबडं. आपलं.

मैथिली: नाश्ता कर. वडापाव चालेल, पण पोट भरून नको, इथे आमटी, भात, तळलेली सुरमई आणि एक आंबा वाट बघतोय. चिपळूणला कळव.

ओंकार: चिपळूण.

मैथिली: निघाले घरातून.

ओंकार: संगमेश्वर गेलं.

मैथिली: आता ऐक. पुढे उक्षी, मग कारबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर. तिथे रेंज जाईल. तेवढ्या वेळात केस विंचर, तोंड धू, शर्ट नीट कर. बोगद्यात कुणी बघत नाही, तेव्हा माझी आठवण काढून हसलास तरी चालेल. बाहेर पडलास की भोके, आणि मग मी.

ओंकार: बोगदा आला. मिथू

मैथिली: गेली रेंज.

मैथिली: हे तुला बाहेर आल्यावर मिळेल. बी-३ कुठे थांबतो ते हमालदादांना विचारलं आणि तिथेच उभी आहे. दारातून डावीकडे बघ. साडी नाही नेसले. तुझा निळ्या चौकटीचा शर्ट घातलाय, दुसरं बटण लाल दोऱ्याचं. धावत येणार नाही, लोक बघतात. चालतच येईन. पण भरभर.