उद्या सकाळी साडेदहा, भोसरी

सुजा, मुद्दामच फोन करत नाहीये. बोलायला लागलो की तासभर जाईल आणि तुला आज लवकर झोपायचंय. जेवण झाल्यावर निवांत वाच.

ड्रायव्हिंग टेस्टच्या कागदांचं तू दोनदा विचारलंस, म्हणून एकदाच सांगते. लर्निंगचं ओरिजिनल, अपॉइंटमेंटची प्रिंट, आधार, आणि गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. सगळं पिवळ्या फाइलमध्ये घाल आणि फाइल चपलांच्या स्टँडवर ठेव. मागे-पुढे 'एल' लावलेला आहे ना, तेवढं बघ. बास. यानंतर फाइल उघडायची नाही.

आता खरं काम. परवा मैदानावर गाडी तीनदा बंद पडली आणि तू म्हणालीस, 'मला जमणारच नाही.' अगं, जमत नव्हतं कारण तुझा पाय क्लचपर्यंत पोचतच नव्हता! नीलेशने गाडी तिथपर्यंत आणली होती. तो सहा फुटी, सीट पार मागे. तू तशीच बसलीस आणि पायाच्या बोटांनी क्लच दाबत राहिलीस. सीट दोन खटके पुढे घेतल्यावर त्याच मैदानावर तू एच रिव्हर्समध्ये चार वेळा काढलास. चारही वेळा. मी कडेला उभी राहून मोजत होते, एकाही विटेला धक्का नाही.

म्हणून उद्या तुझा नंबर आला की आधी सीट. मग आरसे, तेही त्याच्याच उंचीला लावलेले असणार. मग बेल्ट. साहेब शेजारी बसलेले असले तरी हे सगळं सावकाश कर. आधी नीट बसून घेणाऱ्या माणसावर कुणी चिडत नाही.

आठ आणि एच तुझे झालेले आहेत, त्यावर मी काही बोलत नाही. चढाची तुला भीती आहे. तिथे हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, आणि क्लच इतका हळू वर सोड की इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल. तिथेच पाय धर. मग थोडा अ‍ॅक्सिलरेटर आणि हँडब्रेक खाली. मागे कुणी हॉर्न वाजवला तर तो त्याचा प्रश्न.

तुला कधी सांगितलं नव्हतं, २०११ साली मी अशाच चढावर नापास झाले होते. भोसरीला नाही, दुसरीकडे. गाडी हातभर मागे सरकली, साहेबांनी कागदावर फुली मारली आणि 'पुढचा' म्हणाले. घरी सांगितलं की आज गर्दी होती, नंबरच लागला नाही. आईला अजूनही तेच खरं वाटतं. आठ दिवसांनी परत गेले आणि पास झाले. आता कोल्हापूरला जाताना खंबाटकीत ट्रकांच्या रांगेत चढावर थांबत थांबत गाडी काढते आणि मागे मुलं वेफर्सवरून भांडत असतात.

तेव्हा सगळ्यात वाईट काय होईल? सात दिवस थांबून परत तारीख घ्यायची. तुझं लर्निंग अजून अडीच महिने चालू आहे. पण ते लागणार नाही असं मला वाटतं, आणि मी हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. मला गाडी चालवणाऱ्या माणसाचे हात कळतात. रविवारी शेवटच्या फेरीला तुझे हात स्टिअरिंगवर सैल होते.

नीलेशला सांग, सकाळी जाताना सूचना बंद. तो शेजारी बसून हवेत ब्रेक दाबतो ना, त्यानेच तुझा अर्धा जीव जातो. खरं तर जाताना त्यालाच चालवू दे आणि तू खिडकीतून बाहेर बघ. पोहे खाऊन जा, उपाशी जाऊ नकोस. चहा मात्र एकच, तिथे थांबायला किती लागेल सांगता येत नाही.

मी साडेअकरापासून फोन हातात घेऊन बसते. काहीही झालं तरी आधी पाणी पी, मग फोन कर.

आणि हो, ती निळी उशी आत्ताच खाली जाऊन गाडीत ठेवून ये. सकाळी विसरशील.

— वैशाली