कोलशेतच्या उल्हास काठावर रविवारी सफाईला आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार, आणि २१ डिसेंबरचं आमंत्रण

सगळ्यात आधी, थँक्यू! ७ डिसेंबरच्या रविवारी सकाळी थंडीत पांघरूण बाजूला सारून जे जे कोलशेतच्या विसर्जन घाटाजवळ आले त्या प्रत्येकाला. आम्हाला वाटलं होतं चाळीसेक लोक येतील, हँडग्लोव्हज तेवढेच आणले होते, आणि साडेसातपर्यंत ऐंशीच्या वर माणसं जमली. ढोकाळीची कॉलेजची पोरं, हिरानंदानीतल्या दोन सोसायट्यांची आख्खी कुटुंबं, कोलशेत गावातले काका-मावशी, आणि भिवंडीहून बाईकवर आलेले तिघं ज्यांना आमच्यातलं कोणीच ओळखत नव्हतं. ग्लोव्हज कमी पडले तर समोरच्या हार्डवेअरवाल्या दादांनी दुकान उघडायची वेळ नसताना शटर वर केलं आणि होते तेवढे जोड काढून दिले, पैसे घ्यायला तयारच होईनात. दादा, हे वाचताय ना, तुमच्याशिवाय अर्धे लोक नुसते उभे राहिले असते.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी आधी काय होतं ते सांगतो. घाटाच्या पायऱ्या संपल्या की डावीकडे तिवरांचा एक पट्टा आहे, पाण्याच्या कडेने लांबवर जातो. रस्त्यावरून बघितलं तर हिरवागार, फोटो काढावासा वाटेल असा. पण आत चार पावलं गेलं की जमीन दिसायचीच नाही. खाली प्लास्टिकच्या पिशव्यांचा थर, त्यावर थर्माकोल, त्यावर चपला, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, गाद्यांचा कापूस, बाटल्या, आणि या सगळ्याला वरून वाळलेल्या जलपर्णीने काळं करून टाकलेलं. वास असा की पहिली दहा मिनिटं कोणी बोलतच नव्हतं.

बरेच जण विचारत होते की इथे एवढा कचरा टाकतं कोण, आसपास तर एवढी वस्ती नाही. तर यातला बराचसा इथे टाकलेलाच नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण असं करत इथवर येते, आणि पुढे गायमुख, घोडबंदरवरून वसईच्या खाडीला जाते. वाटेत जे जे कोणी नाल्यात टाकलं ते पावसाळ्यात सगळं खाली येतं. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आठवतंय ना, तो याच उल्हासचा पूर. तसं पाणी खाली येतं तेव्हा सोबत काय काय घेऊन येत असेल विचार करा. कल्याणच्या वरच्या बाजूला वाढणारी जलपर्णी पण अशीच वाहत येते आणि खाऱ्या पाण्यात आली की मरते, कुजते. आणि नदीचं झालं की वर भरतीचं आहेच, खाडीत तरंगणारं सगळं भरती दिवसातून दोनदा उलटं आत आणून तिवरात सोडते. पाणी उतरतं, कचरा मुळांत अडकून तिथेच राहतो.

मुळांचं जरा सविस्तर सांगतो, कारण रविवारी सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिलीएवढी बारीक मुळं सरळ वर आलेली असतात, शेकडो. ती झाडाची श्वास घ्यायची मुळं. चिखलात हवा नसते म्हणून झाड ती बाहेर काढतं. आता त्यावर एक कॅरीबॅग बसली, भरती-ओहोटीने ती मुळाभोवती गुंडाळली, त्यावर गाळ बसला, की झाड गुदमरायला लागतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत आलं तेव्हा आपण सगळ्यांनीच स्टेटस टाकले होते, अभिमान वाटलाच पाहिजे, पण अभयारण्याच्या पाटीबाहेरचं तिवर पण तेच काम करतं, पुराचं पाणी अडवतं, मासळीची पिल्लं त्याच्याच सावलीत मोठी होतात.

आमच्यातल्या एका नववीतल्या मुलीने एका झाडाखालची मुळं एकटीने मोकळी केली. ओढली तर मूळ तुटतं, म्हणून आधी बोटाने गाळ बाजूला करायचा, मग पिशवीचा वळसा उलटा फिरवायचा, मग हळूच वर काढायची. एका मुळावरून तिने एकात एक गुंतलेल्या पाच पिशव्या काढल्या, आणि सगळ्यात आतली एका साडीच्या दुकानाची होती, त्यावरची छपाई अजून वाचता येत होती. तिची आई दोनदा म्हणाली चल आता नाश्ता कर, ही उठेचना. एवढं झाड पूर्ण करते म्हणाली आणि केलंच.

निर्माल्याबद्दल स्पष्ट बोलायचंय, कोणाला दुखवायचं नाहीये. आम्ही सगळे देवाचं करणारी माणसं आहोत, आमच्या घरी पण गणपती बसतो. पण गाठ मारलेल्या पिशवीत हार, दूर्वा, नारळ घालून ती पुलावरून किंवा घाटावरून भिरकावणं याला विसर्जन म्हणता येणार नाही. आतली फुलं पिशवीत सडतात, पिशवी तिवरात अडकते, आणि देवाला वाहिलेलं ते असं चिखलात पडतं. सगळ्यात जास्त त्रास झाला तो देवांच्या फोटोफ्रेम काढताना, काच फुटलेली, मागे खिळे, आणि पायाखाली देव. गावातल्या दोन मावश्यांनी त्या एकेक धुवून, कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या, कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. काच, लाकूड आणि चित्र नंतर वेगवेगळं केलं. घरी फ्रेम जुनी झाली असेल तर प्लीज घरीच काच वेगळी करा, भंगारवाला घेतो. आणि फुलं निर्माल्य कलशात टाका, पिशवीशिवाय.

थर्माकोलचं तर काय सांगू. राज्यात बंदी आली २०१८ मध्ये, मखरांचं थर्माकोल तेव्हापासून कमी झालंय हे खरंय, पण जे आहे ते मोडून मोडून साबुदाण्याएवढं झालंय आणि ते हाताने उचलता येत नाही. कॉलेजच्या पोरांनी डोकं लढवलं, मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधून साचलेल्या पाण्यातून गाळत बसली. बरंच निघालं, सगळं नाही.

नाखवा काकांचे आभार वेगळे मानायलाच हवेत. तीस वर्षांपूर्वी इथे पाण्यात उतरलं की पायाला कोलंबी लागायची म्हणाले, बोय मिळायची, चिंबोऱ्या तर पोरं हाताने धरायची. त्यांनी आपली होडी आणली म्हणून पाण्याच्या बाजूने अडकलेलं मोठं जाळं कापता आलं, काठावरून ते कधीच जमलं नसतं. जाळं नायलॉनचं, कुठूनतरी वाहत आलेलं, त्यात दोन खेकडे जिवंत अडकलेले होते. काकांनी कोयत्याने दोरे कापून ते सोडले आणि मग उरलेलं जाळं ओढायला सात-आठ जण लागले. जाळ्याचा एक भाग अजून खाली गाळात आहे, तो पुढच्या वेळी.

आणि आता नंतरचं. दहा वाजता पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही थांबलो. घाटापासून साधारण दीडशे मीटरचा पट्टा मोकळा झालाय. चिखल चिखलासारखा दिसतो, राखाडी, चकचकीत, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या, लहान मुलं तर त्याच बघत बसली. मुळं उघडी दिसतात. १६० गोण्या भरल्या, शिवाय गाद्या, टायर, एक मोडका सोफा आणि ते जाळं. सुका कचरा, काच, कपडे वेगळं करून ठेवलं होतं, महापालिकेच्या गाडीवरच्या कामगार दादांनी दोन फेऱ्या मारून सगळं नेलं आणि रविवार असूनही एक शब्द कुरकुर नाही, उलट आमच्या तीन गोण्या चुकीच्या ढिगात होत्या त्या त्यांनीच नीट लावून दिल्या. ही माणसं हे रोज करतात, आपण एक दिवस केलं. पोहे आणि चहा करणाऱ्या ताईंना पण खूप खूप थँक्यू, ऐंशी जणांना पुरले आणि कागदी प्लेट एकही नाही, सगळ्यांनी घरून डबे आणले होते.

हे टिकणार किती, असं विचारणारे पण भेटले. खरं सांगायचं तर पुढच्या मोठ्या भरतीला थोडं परत येणारच. पण वर्षानुवर्षांचा थर एकदा निघाला की नंतर वरचं वर उचलणं सोपं जातं, आणि मुळांना तेवढ्यात हवा मिळते. म्हणून आम्हाला एकदाच येऊन गर्दी करणारे पाचशे लोक नकोत, पंधरा दिवसांनी परत येणारे पन्नास हवेत.

तर पुढची वेळ रविवार, २१ डिसेंबर, सकाळी सात ते दहा, तीच जागा. तारीख अशी का ते पण सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको सुट्टी बघून ठेवली. पौर्णिमा-अमावस्येनंतरच्या दोन-चार दिवसांत आपल्याकडे सकाळी ओहोटी मिळते, पाणी लांब जातं, आतपर्यंत उतरता येतं. दत्तजयंती गुरुवारी झाली आणि आपण रविवारी गेलो ते त्यामुळेच, आणि २१ तारीख अमावस्येच्या पाठोपाठची आहे. दुपारी पाणी पूर्ण चढतं, त्यामुळे उशिरा आलात तर करायला काही उरत नाही, प्लीज सातलाच या.

यायचं असेल तर जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट असतील तर उत्तम नाहीतर पायात घट्ट बसणारे जुने बूट, चप्पल अजिबात नको, चिखलात ती राहते आणि पाय वर येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, खाली काच आणि खिळे आहेत. पाण्याची बाटली घरची, डबा घरचा. दहा वर्षांखालची मुलं आली तर त्यांना वरती घाटावर वर्गीकरणाचं काम देऊ, चिखलात नाही. ज्यांना वाकता येत नाही अशा आजी-आजोबांनी पण या, गोण्यांची तोंडं बांधायला आणि नोंदी ठेवायला माणसं लागतात, गेल्या वेळी तिथेच कमी पडली. तिवराची फांदी तोडायची नाही, रोपावर पाय द्यायचा नाही, एवढा एकच नियम कडक आहे.

ठाणे स्टेशनवरून कोलशेतची टीएमटी मिळते, पण रविवारी पहाटे बस कमी असतात म्हणून माजिवडा नाक्यावरून साडेसहाला तीन गाड्या निघतील, जागा हवी असेल तर शुक्रवारपर्यंत कमेंटमध्ये नाव आणि किती जण ते लिहा. आणि कोणाकडे जास्तीची घमेली, लांब दांड्याचे आकडे किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या असतील तर त्या पण घेऊन या, गोण्या साडेनऊलाच संपल्या होत्या.