जाहीर प्रकटन : गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने
पुणे महानगरपालिका, पाणीपुरवठा विभाग
दिनांक 9 फेब्रुवारी 2026

पर्वती जलकेंद्रातील विद्युत व पंपिंगविषयक देखभालीची आणि मुख्य जलवाहिनीवरील व्हॉल्व्ह बदलण्याची कामे एकाच वेळी करायची असल्याने, गुरुवार, दिनांक 12 फेब्रुवारी 2026 रोजी सकाळी 8 वाजल्यापासून रात्री 10 वाजेपर्यंत खाली नमूद केलेल्या भागांचा पाणीपुरवठा पूर्णपणे बंद राहील. ज्या भागांत पहाटे पाणी येते, तेथे गुरुवारी सकाळी 8 पूर्वीचा पुरवठा नेहमीप्रमाणे होईल. दुपारी किंवा संध्याकाळी पाणी येणाऱ्या भागांत मात्र त्या दिवशी पाणी येणार नाही, म्हणून तेथील नागरिकांनी बुधवारीच पाणी भरून ठेवावे.

बंद राहणारे भाग : शहरातील सर्व पेठा, दत्तवाडी, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, डेक्कन, शिवाजीनगर व स्वारगेट परिसर, सहकारनगर, पद्मावती, पर्वती दर्शन, मुकुंदनगर, महर्षीनगर, गुलटेकडी, सॅलिसबरी पार्क, गंगाधाम, बिबवेवाडी, अप्पर व लोअर इंदिरानगर, धनकवडी आणि कात्रज.

काम रात्री 10 वाजता संपले, तरी त्याच क्षणी घरातील नळाला पाणी येणार नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. रिकाम्या झालेल्या जलवाहिन्यांत पाणी एकदम सोडल्यास आत अडकलेल्या हवेमुळे दाब वाढून वाहिनी फुटण्याचा धोका असतो. त्यामुळे व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने उघडले जातात आणि आधी साठवण टाक्या भरून घ्याव्या लागतात. या कारणाने शुक्रवार, दिनांक 13 फेब्रुवारी रोजी सकाळचे पाणी उशिरा व कमी दाबाने येईल, आणि धनकवडी, कात्रज, अप्पर इंदिरानगर यांसारख्या उंचावरील वस्त्यांना ते सर्वांत शेवटी पोहोचेल. या वस्त्यांतील रहिवाशांनी एक नव्हे, दोन दिवसांच्या गरजेचा विचार करून साठा करावा. पुरवठा शनिवारी, दिनांक 14 फेब्रुवारी रोजी पूर्ववत होईल.

पिण्याचे पाणी स्वच्छ धुतलेल्या, झाकण असलेल्या भांड्यात भरावे आणि ते काढण्यासाठी दांड्याचे ओगराळे वापरावे. वापराच्या पाण्याची पिंपे व बादल्याही झाकून ठेवाव्यात, कारण उघड्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूच्या डासाची पैदास होते. घरात रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल असल्यास भरलेली बादली त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नये. बादलीभर पाणीही त्याच्या जिवावर बेतू शकते. कृपया गरजेपुरतेच पाणी साठवावे. नळाला नवे पाणी आले म्हणून आदल्या दिवशीचे पाणी ‘शिळे’ समजून ओतून देण्याची सवय अनेक घरांत आहे. झाकून ठेवलेले पाणी एका दिवसात खराब होत नाही, आणि शुक्रवारी सकाळी असे पाणी मोरीत ओतून भांडी पुन्हा भरली की तेवढाच दाब शेजारच्या घरात कमी होतो.

नळ कोरडा असताना तो उघडाच ठेवून कामावर जाऊ नये. गच्चीवरील टाकी रिकामी झाली असल्यास गिझर बंद ठेवावा. ज्या इमारतींत जमिनीखालील टाकीतून पंपाने पाणी चढवले जाते, तेथे टाकीतील पातळी पाहिल्याशिवाय पंप सुरू करू नये, कारण कोरडा चाललेला पंप जळतो. नळजोडास थेट मोटार लावून पाणी ओढणे नियमबाह्य आहेच, परंतु कमी दाबाच्या वेळी ते विशेष घातक ठरते : वाहिनीला कोठे गळती असेल तर मोटारीच्या ओढीने त्या फटीतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते आणि ते केवळ मोटार लावणाऱ्याच्याच नव्हे, तर संपूर्ण गल्लीच्या नळाला येते. अशी मोटार आढळल्यास ती जप्त करून नळजोड तोडण्यात येईल.

पुरवठा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे पाणी गढूळ येऊ शकते. ते टाकून न देता फरशी धुण्यासाठी किंवा झाडांसाठी बाजूला काढावे. शुक्रवारी व शनिवारी पिण्याचे पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यानंतर किमान 1 मिनिट उकळून, झाकून थंड करून वापरावे. तुरटीने गाळ खाली बसतो, परंतु रोगजंतू मरतात असे समजू नये. शनिवारीही पाणी गढूळ असल्यास किंवा त्यास दुर्गंधी येत असल्यास ते पिऊ नये आणि आपल्या क्षेत्रीय कार्यालयातील पाणीपुरवठा कक्षास तातडीने कळवावे.

रुग्णालये, डायलिसिस केंद्रे व वृद्धाश्रम यांना गुरुवारी टँकरने पाणी देण्याची व्यवस्था केली आहे. त्यांनी आपली मागणी बुधवारी दुपारी 4 वाजेपर्यंत क्षेत्रीय कार्यालयात नोंदवावी. हे टँकर विनामूल्य आहेत. चालकाने पैसे मागितल्यास ते न देता टँकरचा क्रमांक कळवावा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी हे प्रकटन जिन्याजवळ ठळकपणे लावावे आणि एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक, तसेच मराठी वाचता न येणारे भाडेकरू व कामगार यांना त्यातील वेळा समक्ष सांगाव्यात.

मुख्य अभियंता
पाणीपुरवठा विभाग, पुणे महानगरपालिका